दुधावरचा आळ

पोषणबाईंना त्या मंगळवारी काय काय मिळायचं होतं, ते आधी मोजून घेऊ. कायमची नोकरी, ही पहिली गोष्ट. त्यामागोमाग खण असलेलं टेबल. सध्याचं टेबल म्हणजे दोन स्टुलांवर ठेवलेली एक जुनी फळी होती. तिला खण नव्हता तो नव्हताच, एक कोपराही नव्हता. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे स्वयंपाकघरातल्या मंडळींनी त्यांना 'बाई' म्हणताना त्या शब्दाआधी जे बारीकसं हसू येत असे, ते बंद होणार होतं.

नेमणुकीच्या कागदावर त्या आहारतज्ज्ञ होत्या. वय सव्वीस. 'पोषणबाई' हे नाव त्यांना पहिल्याच आठवड्यात मिळालं आणि ते कायम झालं. नोकरी मात्र झाली नव्हती. सहा महिन्यांची मुदत त्या शनिवारी संपत होती.

काकांना, म्हणजे मुख्य आचाऱ्यांना, त्या मंगळवारी काहीच मिळायचं नव्हतं. त्यांना फक्त काही गमवायचं नव्हतं, आणि अशा माणसाशी वाद घालणं फार जड जातं. अठ्ठावीस वर्षं ते त्या रुग्णालयाचं स्वयंपाकघर चालवत होते. दाराच्या आतल्या बाजूला एक काळी पाटी होती आणि तिच्यावर खडूने नव्हे, पांढऱ्या रंगाने, ब्रशने लिहिलेली ओळ होती: 'मासे असतील त्या दिवशी दूध नाही.' ती ओळ काकांनीच लिहिली होती, रुजू झाले त्या वर्षी.

मासे मंगळवारी आणि शुक्रवारी असत. त्यामुळे त्या दोन दिवशी तिसऱ्या वॉर्डातल्या, हाडं मोडून पडलेल्या माणसांचा रात्रीचा दुधाचा ग्लास चुकायचा. ज्यांना दुधाची खरी गरज, त्यांचंच दूध आठवड्यातून दोनदा बंद. पोषणबाईंना हे पहिल्या दिवशीच खुपलं. त्यांनी नुसती तक्रार केली असती तर कुणी ऐकलं नसतं, म्हणून त्यांनी थेट एक पदार्थच सुचवला: दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये शिजवलेला मासा, आणि नंतर वाटीभर दुधात संत्र्याच्या फोडी. मऊ, पौष्टिक, चावायला सोपं. आणि पाटीवरच्या ओळीला एका जेवणात दोनदा लाथ.

"बाई, ही पाटी मी हौसेने नाही लावली," काका म्हणाले. "दूध आणि मासे म्हणजे विरुद्ध आहार. अंगावर पांढरे डाग येतात. तिसऱ्या वॉर्डातल्या आजोबांचे हात बघितलेत ना? जहाजावर होते आयुष्यभर."

जहाजवाल्या आजोबांची मांडी मोडली होती, कान शाबूत होते. त्यांची चाकाची खुर्ची नेमकी जेवण देण्याच्या खिडकीपाशी लावलेली असे, कारण तिथे वास येतो आणि बातम्याही.

"ए आचारी!" ते खिडकीतून ओरडले. "हे डाग मला बाराव्या वर्षी आले. आमच्या घरात तेव्हा मासा शिजतच नव्हता, नुसता वास आला तरी आई घराबाहेर काढायची. जहाजावर आम्ही वीस जण एका पातेल्यातला दुधातला मासा खायचो. बाकीचे एकोणीस कुठे डागाळले?"

"तुम्ही आराम करा, आजोबा."

"आरामच करतोय. म्हणून तर कंटाळलोय!"

पोषणबाईंनी हळूच पुरवणी जोडली. असे डाग येतात ते शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून. ताटात काय होतं याच्याशी त्याचा संबंध असल्याचं कुणी दाखवलेलं नाही. काकांनी ते ऐकलं आणि कांदा चिरायला घेतला. त्यांच्याकडे हा उत्तर न देण्याचा प्रकार होता. कांदा असला की डोळ्यांतलं पाणीही आपोआप खपून जायचं.

मोठ्या डॉक्टरांनी निकाल लावायचं ठरवलं. ते हाडांचे डॉक्टर आणि त्या छोट्याशा रुग्णालयाचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की वॉर्डात नवा पदार्थ जायच्या आधी तो पाच जणांनी खायचा: स्वतः डॉक्टर, थोरल्या सिस्टर, आहारतज्ज्ञ, आचारी आणि भांडाराचे भाऊ. कुणी काय खाल्लं ते कागदावर लिहून सही करायची, आणि प्रत्येक पदार्थाचा एक नमुना बंद डबीत फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवायचा. मंगळवारी अकराला चव घ्यायची, जमलं तर शुक्रवारपासून वॉर्डात. "आणि तुमच्या नोकरीचं शनिवारी बोलू," असं ते पोषणबाईंना जाता जाता म्हणाले. बाईंना झोप न लागायला एवढं पुरेसं होतं.

मंगळवारी सकाळी आठला बाईंनी भांडाराच्या भाऊंकडून बांगडे काढून घेतले. या भाऊंना सगळे कुलूपभाऊ म्हणत. मीठसुद्धा कुलपात ठेवणारा माणूस. त्यांनी वहीत वेळ लिहिली, बाईंची सही घेतली, सही दोनदा निरखली आणि मग बांगड्यांचं ताट सोडलं. ताट गेलं ते चुलीशेजारच्या स्टीलच्या टेबलावर. आणि तिथेच राहिलं.

त्याचं कारण असं, की काकांनी एक पुरावा तयार ठेवला होता. त्यांनी काचेच्या ग्लासात दूध घेतलं, सगळ्यांना दाखवलं, आणि त्यात लिंबू पिळलं. दूध फाटलं. गुठळ्या वर, पिवळट पाणी खाली.

"हे बघा. तुमची संत्री पोटात गेली की हे असं होणार. हे मी रुग्णाला देऊ?"

"काका, तुमच्या पोटात आम्ल आहे ना, ते या लिंबापेक्षाही जहाल आहे."

"माझ्या पोटाला नावं ठेवू नका."

"सगळ्यांच्याच पोटात असतं. नुसतं दूध प्यायलात तरी ते आत जाऊन फाटतंच. फाटतं म्हणूनच नीट पचतं. गुठळी झाली की ते पोटात जरा थांबतं, सावकाश खाली सरकतं. आजवर तुम्ही प्यायलेला प्रत्येक ग्लास असाच फाटलाय."

काकांनी लिंबू खाली ठेवलं. "म्हणजे मी छप्पन्न वर्षं नासकं दूध पितोय?"

"नासकं नाही, फाटलेलं. नासणं म्हणजे जंतूंनी बिघडवणं. हे फक्त आंबटाने झालं."

"ग्लासात बघायला दोन्ही सारखंच दिसतं."

"म्हणून तर बघून ठरवायचं नाही!"

खिडकीतून आजोबांनी टाळी वाजवली. थोरल्या सिस्टर, ज्यांना खरं तर औषधांचा हिशेब करायचा होता, स्टूल ओढून बसल्या. मग काका म्हणाले, हे गार दूध झालं, पोट गरम असतं. बाई म्हणाल्या, मग पोटाइतकं गरम करून बघू. स्वयंपाकघरात एकच थर्मामीटर होता, लांब दांड्याचा, कच्चं मांस आणि मासे तपासायला ठेवलेला. तो दुधाच्या ग्लासात गेला. सदतीस अंशांवर लिंबू, सदतीस अंशांवर संत्रं, सदतीस अंशांवर व्हिनेगर. टेबलावर नऊ ग्लास झाले. प्रत्येक ग्लासावर कागदाची चिठ्ठी. सिस्टरांनी तर एका ग्लासात पोटासारखं आम्लही आणून घातलं, आणि ते दूध सगळ्यांत आधी फाटलं तेव्हा अशा हसल्या की जणू पैज त्यांनीच लावली होती.

"काका, आता तरी बांगडे चढवा," बाई मध्येच म्हणाल्या.

"आधी ठरू दे. मी न पटलेलं शिजवत नाही."

"ठरलंच आहे."

"तुमचं ठरलंय."

अकरा वाजले. मोठे डॉक्टर कुणाचा तरी खुबा बसवत होते. निरोप आला, साडेअकरा. मग निरोप आला, साडेबारा. काकांनी बरोबर एक वाजता तोंड वाकडं करून पातेलं चढवलं. सॉस त्यांनी झकास केला, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. न पटलेलंही त्यांना वाईट शिजवता येत नसे. मासा घालायच्या आधी त्यांनी चमचाभर सॉस चाखला, मिठाला होकार दिला, आणि त्यानंतर हाताची घडी घातली. "मी चव घेतली. दुधाची. माशासकट मी खाणार नाही, कागदावर तसं लिहा."

डॉक्टर दीडला आले. भुकेले. भुकेल्या माणसाचं मत नेहमी चांगलं असतं. त्यांनी दोन बांगडे संपवले आणि तिसऱ्याकडे पाहिलं. "जरा मिरी जास्त झाली का? जिभेला चुरचुरतंय."

"मिरी घातलेलीच नाही," काका म्हणाले.

तेव्हा कुणी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. बाईंनी एक बांगडा खाल्ला, आणि आनंदाने खाल्ला. थोरल्या सिस्टरांना काट्यांची भीती. त्यांनी मासा सोडला आणि दुधातलं संत्रं दोन वाट्या घेतलं. कुलूपभाऊंनी आपली बशी भरून भांडारात नेली, 'हिशेब अर्धवट आहे' म्हणत, आणि कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं: 'दुधातला मासा, दोन तुकडे. उत्तम.'

आजोबांनी खिडकीतून बशी पुढे केली. "मला?"

"चवीचा निकाल लागल्यावर," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी."

"शुक्रवारपर्यंत मी बरा होऊन घरी जाईन, मग?"

"तर मग डबा देईन."

अडीचच्या सुमाराला मोठे डॉक्टर बाहेरच्या रुग्णांना तपासत होते. समोरच्या बाईंनी आपला दुखरा गुडघा बाजूला ठेवून विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला बरं आहे ना?" डॉक्टरांनी आरशात पाहिलं. चेहरा, कान, मान, सगळं उकडलेल्या बिटासारखं. डोकं ठणकत होतं, छाती धडधडत होती. ते स्वयंपाकघरात आले तर पोषणबाईही तशाच, गळ्यावर गांधी उठलेल्या.

काकांनी फक्त मान वळवून पाटीकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला एवढा हक्क आहे.

सिस्टरांनी डॉक्टरांना आणि बाईंना अॅलर्जीची गोळी दिली, नाडी मोजली, खुर्चीत बसवलं. थोड्या वेळात धडधड कमी झाली, लाली ओसरू लागली. भीती गेल्यावर डॉक्टरांना आपली प्रतिष्ठा आठवली. हाडं सोडून शरीराच्या दुसऱ्या कशाबद्दल विचारलं की ते जरा घाईत निर्णय घेत.

"हे बघा," ते बाईंना म्हणाले, आणि आवाज मऊ होता. "माझी आजी म्हणायचीच. दोन गोष्टी एकत्र मानवत नाहीत काहींना. तुम्ही असं लिहा: दूध आणि मासा एकत्र मानवला नाही, पदार्थ रद्द. कुणाची चूक नाही. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, माझा शब्द. तरुण आहात, उत्साह असतो."

हिशेबाने बघितलं तर सौदा चांगला होता. नोकरी बाईंना, पाटी काकांना, शांतता डॉक्टरांना. सगळा तोटा दुधाच्या नावावर, आणि दूध काही बोलत नाही. बाई फळीच्या टेबलाशी बसल्या, कागद ओढला, आणि 'दूध आणि मासा' इतकं लिहून थांबल्या.

इकडे काकांना रात्रीच्या जेवणासाठी मीठ हवं होतं. मीठ कुलपात. भांडाराचं दार आतून बंद. काकांनी ठोठावलं.

"कामात आहे," आतून आवाज आला.

"मीठ द्या, भाऊ."

"उद्या."

"लोकांना आज रात्री जेवायचंय, उद्या नाही. उघडा."

कडी सरकली. कुलूपभाऊ तांदळाच्या पोत्यावर बसले होते, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, आणि टॉवेलाखाली जो चेहरा होता तो डॉक्टरांच्या दुप्पट लाल.

काकांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: तिसरा! पाटीचा तिसरा साक्षीदार! "घ्या, खा अजून दुधातला मासा."

"दुधातला कोण खातोय," कुलूपभाऊ कण्हले. "मला काय मरायचंय? तुमच्याच पाटीला भिऊन मी तो खाल्ला नाही. बशीतला सॉस बेसिनमध्ये ओतला, तुकडे पाण्याने लख्ख धुतले, आणि इथल्या शेगडीवर तळले. सकाळी त्याच ताटातून बाजूला काढलेले कच्चे दोन तुकडेही होते माझ्याकडे, तेही तळले. दूध मी आज चहातसुद्धा घेतलं नाही."

"आणि कागदावर?"

"कागदावर सगळेच शूर असतात."

काका जागीच उभे राहिले. मीठ विसरले. त्यांना हिशेब येत होता, आचाऱ्याला येतोच. ज्याने दुधाला शिवलं नाही तो सगळ्यांत लाल. ज्या सिस्टरांनी दोन वाट्या दूध आणि तेही आंबट संत्र्यासकट खाल्लं, त्या वॉर्डात शिट्टी वाजवत फिरत होत्या. आणि स्वतः काकांनी सॉस चाखला होता, ते तर ठणठणीत.

हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. कुलूपभाऊ बोलणार नव्हते, त्यांची खोटी सही होती. काका नुसते मीठ घेऊन परत गेले असते तर पाटी आणखी अठ्ठावीस वर्षं टिकली असती.

त्यांनी आधी सिस्टरांना हाक मारून भाऊंना गोळी द्यायला लावली. मग भाऊंना बाहीला धरून उचललं.

"अहो काका, कुठे? मी आजारी आहे!"

"म्हणूनच. चला. माझ्या स्वयंपाकघरात मी वाईट चव खपवून घेतो एकवेळ, खोटा आळ नाही. दुधावरसुद्धा नाही."

कुलूपभाऊंना टॉवेलासकट बाईंच्या टेबलासमोर उभं केलं गेलं. डॉक्टरही तिथेच होते. भाऊंनी सगळं सांगितलं, बेसिनसकट. बाईंनी अर्धं वाक्य लिहिलेला कागद हळूच उलटा केला, आणि त्यांचा चेहरा लाल असूनही उजळला.

"म्हणजे मासाच! डॉक्टर, तुम्हाला जीभ चुरचुरली ना? मिरी नसताना?"

"चुरचुरली."

"तेच. बांगड्यासारख्या माशाच्या मांसात एक पदार्थ मुळातच भरपूर असतो. मासा उबेत राहिला की जंतू त्यापासून हिस्टामिन बनवतात. अॅलर्जी झाली की आपल्या अंगात जे सुटतं, तेच. ते बाहेरून तयार होऊन पोटात गेलं, म्हणून आपण तिघे लाल झालो. शिजवून ते जात नाही, तळून जात नाही, धुऊन जात नाही. वासही येईलच असं नाही. अॅलर्जीची गोळी लागू पडली ती त्यामुळेच."

"पण मासा उबेत राहिलाच कसा?" डॉक्टरांनी विचारलं.

आणि इथे बाईंचा आनंद थांबला. कारण उत्तर कुलूपभाऊंच्या वहीत होतं, आणि त्यापुढे सही त्यांची होती. बाहेर काढला: आठ वाजता. चुलीवर चढवला: एक वाजता. मधला रकाना तापमानाचा. तो कोरा. थर्मामीटर पाच तास दुधाच्या ग्लासात होता, माशापासून दोन हातांवर.

दूध आणि मासा वाईट की नाही यावर पाच तास वाद घालताना त्यांनी मासा खरोखरच वाईट करून ठेवला होता.

दूध सोडवायचं तर स्वतःला अडकवायला हवं, एवढं सोपं गणित होतं ते. पोषणबाईंनी वही डॉक्टरांपुढे सरकवली.

"सही माझी आहे. ताट परत थंडात ठेवायला हवं होतं. माझं काम होतं ते. मी ग्लास मोजत बसले." मग जरा थांबून म्हणाल्या, "नमुन्याची डबी फ्रीजमध्ये आहे. ती तपासणीला पाठवा. माझं चुकत असेल तर तेही कळेल. पण दुधाविरुद्ध मी नाही लिहिणार."

मग काका खाकरले.

"चढवा म्हणाली होती ती. साडेदहाला. मीच अडवून धरलं. अर्धं माझ्या नावावर टाका."

"नऊ ग्लासांतले चार मी फाडले," दारातून थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "मजा येत होती."

टॉवेलाखालून आवाज आला, "सोमवारी माशांची गाडी उशिरा आली होती. पेटीतला बर्फ निम्मा पाणी. वास चांगला होता म्हणून मी घेतले. लिहिलं नाही कुठे."

आता सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टरांनी कान चोळला, तो अजून गरम होता. "बरं, बरं. अकराचं दीड मीच केलं. तो खुबा काही ऐकेना."

"आणि मी टाळ्या वाजवल्या!" खिडकीतून आजोबा ओरडले. "पण मला कुणी खायला दिलं नाही, म्हणून मी निर्दोष!"

वॉर्डांचे रात्रीचे बांगडे त्या दिवशी रद्द झाले, डबी तपासणीला गेली आणि शुक्रवारी सकाळी अहवाल आला: माशात हिस्टामिन, मर्यादेच्या कितीतरी वर. त्याच दिवशी ताजे बांगडे आले, बर्फात गाडलेले. कुलूपभाऊंनी पेटी उघडून स्वतः थर्मामीटर लावला आणि आकडा मोठ्याने वाचला, दोनदा. ताट फ्रीजमधून थेट पातेल्यात. बारा वाजता पाच जण पुन्हा बसले. काकांनी या वेळी हाताची घडी घातली नाही. त्यांनी माशाचा तुकडा सॉसमध्ये बुडवला, डोळे मिटले, आणि सगळ्यांसमोर खाल्ला. वर संत्र्याची वाटी. मग घड्याळाकडे बघत बसले. अर्धा तास झाला. तास झाला. दर पाच मिनिटांनी ते भिंतीवरच्या चकचकीत डावात आपलं तोंड बघून यायचे.

"झालात का लाल?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही. जरा निराशा झाली."

"काका, पण तुमच्या पाटीत अगदीच काही नव्हतं असं नाही," बाई म्हणाल्या. "फ्रीज नसतील तेव्हा दूध आणि मासा, दोन्ही सगळ्यांत लवकर बिघडणाऱ्या गोष्टी. माणसं आजारी पडत असतील. चोर खराच होता, पकडला मात्र शेजाऱ्याला. ज्याला दूधच पचत नाही किंवा माशाची अॅलर्जी आहे, त्याने ते ते टाळायचंच. पण दोघांनी एकत्र बसण्यात काही पाप नाही."

"भाषण आवरा, पोरी," काका म्हणाले. "ब्रश आणा."

'बाई'ची 'पोरी' झाली, आणि हसू कुठेच नव्हतं. सहा महिने जे हवं होतं ते हे नव्हतंच, याहून बरंच काही होतं, हे तिला तेव्हा कळलं. काकांनी जुनी ओळ काळ्या रंगाने पुसली आणि वाळल्यावर वर लिहिलं: 'मासा गार असू दे. वाद नंतर घाला.'

शनिवारी डॉक्टरांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एक कायम नेमणुकीचा. दुसऱ्यावर हलगर्जीपणाबद्दल समज.

तर कुणी काय भरलं? मोठ्या डॉक्टरांनी एक दुपार बिटासारखं तोंड घेऊन काढली आणि गुडघेवाल्या बाईंनी ती गोष्ट गावभर केली. कुलूपभाऊंनी खोट्या सहीबद्दल महिनाभर मिठाचं कुलूप उघडं ठेवलं, ते त्यांना लाल होण्यापेक्षा जास्त झोंबलं. काकांची एक ओळ गेली. पोषणबाईंना खणवालं टेबल मिळालं, आणि त्या खणात पहिला कागद पडला तो समजेचा. दुधाने काहीच भरलं नाही.

खरं भरलं होतं तिसऱ्या वॉर्डाने, त्या मंगळवारच्या कितीतरी आधीपासून: आठवड्याला दोन, अठ्ठावीस वर्षं, दर खाटेमागे दोन हजार नऊशे बारा ग्लास दूध. ते आता कुणाकडून वसूल होणार? पण शुक्रवारी रात्री, बांगडे संपवून, आजोबांनी आपला ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि तो पुन्हा पुढे धरला. "मागची बाकी," म्हणाले.